मानधनापुढचा रकाना

अंबरनाथच्या महिला संस्थेत विमल प्रस्ताव लिहायची. देणगीदारांचा हट्ट एकच, प्रत्येक खर्चापुढे त्यातून काय साधणार ते लिहा. सहा शिलाई मशिनांपुढे साठ बाया शिकून तयार, हे झकास बसलं. तिच्या स्वतःच्या मानधनापुढे मात्र काहीच बसेना. प्रस्ताव लिहिणं मेल्यांच्या हिशेबी कामच नव्हतं. वैतागून तिने खरडलं, 'दरमहा चाळीस घरभेटी.' मंजूर झालं. तेव्हापासून आठवडाभर सोनिवली गावातली दारं ठोठावणं आणि रविवारी प्रस्ताव. तीन वर्षांनी तिने राजीनामा दिला.

अध्यक्षा कौसाबाई म्हणाल्या, "जा बाई. पण नव्या मुलीच्या मानधनापुढे काय लिहायचं, तेवढं लिहून जा."

विमलने पेन उघडलं. दुसऱ्या पोरीच्या मानधनापुढे 'चाळीस घरभेटी' लिहायला मन धजेना, आणि दुसरं काही तिथे बसेना. तिने राजीनामाच फाडला.