दीड पानी पत्र आणि नसलेलं नाव

लातूरच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेचा मी मॅनेजर, आणि पत्र लिहिणं हे माझं जुनं व्यसन. चाकूरची एक मुलगी तपासनीस म्हणून रुजू झाली, तेव्हा मी नांदेडच्या मुख्य कार्यालयातल्या आयटी ॲडमिनला दीड पानी पत्र धाडलं. नवोदित सहकारी, ज्ञानाची कवाडं, सगळं होतं त्यात. शेवटी मागणी : ऑफिसचा ई-मेल द्यावा, शेअर्ड ड्राइव्ह 'संपूर्ण खुला करावा'.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'सर, तपशील पाठवा.' इतक्या देखण्या पत्राला एवढंसं उत्तर! मी रुसलो आणि विसरलो.

आठवड्याभरानं तिचा पहिला सोयाबीन उगवण अहवाल तयार झाला. चारच्या आत तो ड्राइव्हवर ठेवायचा होता. मी ऐटीत कीबोर्ड उलटा केला. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर आधीच्या तपासनिसाचा पासवर्ड होता.

"यांच्या खात्यातून टाका. दोन महिने मीच टाकतोय."

तिनं हात मागे घेतले. "न्हाई सर. आठ दिवस ट्रेमधले कोंब मी मोजले. अहवालावर नाव त्यांचं कसं येईल? चुकलं तरी माझंच येऊ द्या."

मी नांदेडला फोन लावला.

"पत्र वाचलं सर," ॲडमिन म्हणाला. "लई भारी. बायकोला पण वाचून दाखवलं."

"मग अडलं कुठं?"

"त्यात पोरीचं नावच न्हाई."

मी पत्र उघडलं. खरंच नव्हतं!

"आणि संपूर्ण खुला म्हणजे? साऱ्यांच्या पगाराचा फोल्डर पण दाखवू? कोणता फोल्डर, नुसतं बघायचं का बदलायचं, ते सांगा. अन् जुने तपासनीस गेले ना? त्यांचं खातं काल पण चालू होतं."

"त्यांना आम्ही शाल-नारळ दिला..."

"फोटो बघितला की ग्रुपवर. मला कळवलं कोणी? तुमच्या पत्राशिवाय मी खातं बंद करीत न्हाई."

त्या निरोपालाही मी मानपत्र लिहिलं होतं. तीन पानी.

मुलगी शेजारी येऊन बसली. "मी सांगते सर, तुम्ही लिहा." पाच ओळी झाल्या : पूर्ण नाव, पद, रुजू तारीख. ई-मेल हवा. 'उगवण अहवाल' फोल्डरमध्ये बदल करण्याची परवानगी, 'जुने अहवाल' फक्त बघायला. आधीचं खातं बंद करावं.

वीस मिनिटांत तात्पुरता पासवर्ड माझ्या मोबाइलवर आला. तिनं तो बदलला, तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पावणेचारला अहवाल ड्राइव्हवर चढला. फाइलच्या पुढं तिचं नाव उमटलं. ते तिनं दोनदा वाचलं.

मग कीबोर्ड उलटा करून ती चिठ्ठी सोलायला लागली.

"सर, हिच्या खाली अजून एक आहे."

"तीही काढा," मी पुटपुटलो. "ती माझी."