तीन पत्रं आणि कलम नऊ

गावात कोणाला अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. हायस्कुलात जन्मभर मराठी शिकवलं, त्याचं हे पेन्शनीनंतरचं फळ. "गुरुजी, असा लिवा का सायबाच्या डोळ्यात पानी आलं पायजे," असं म्हणत लोक चहा पीत बसतात आणि मीही लेखणी सरसावतो. आमच्या फाट्यावर एसटी थांबत नव्हती, ती माझ्या अर्जानं थांबायला लागली असं बोलतात. खरं काय ते डेपोवाल्यांना ठाऊक. मी मात्र ते कधी नाकारलं नाही.

हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या याच माजामुळे झालं.

मेडशीच्या अलीकडे आमचं वडिलोपार्जित रान. वाटण्या झाल्या तेव्हा वरचा काळ्या मातीचा तुकडा माझ्या थोरल्या बहिणीला आला, खालचा मुरमाड माझ्याकडे. माझ्या तुकड्याच्या खाली नाला. म्हणजे ताईच्या शेतातलं पावसाचं पाणी माझ्या शेतातल्या चरातून नाल्याला जाणार, दुसरी वाट नाही. ताई एकटी. दाजी गेल्यापासून स्वतः वखर हाकते, स्वतः पेरते, कोणाच्या दारी जात नाही. शाळा दुसरीपर्यंत. सही येते.

सौरऊर्जेची एक कंपनी माझा मुरमाड तुकडा लांब मुदतीच्या भाडेकरारानं मागायला आली तेव्हा ताई एकच बोलली. "दे भाऊ, तुझं रान हाय. पण माह्या पान्याची वाट कागदावर लिवून घे. तोंडी नोको."

मी लिहून घेतलं. भांडून घेतलं, त्यांच्या वकिलाला दोन वेळा मसुदा बदलायला लावला. पूर्व बांधालगतचा चर कंपनी कायम मोकळा ठेवील, हे करारातलं कलम नऊ झालं. रजिस्ट्री झाली, पेढे वाटले. करार प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आणि पुन्हा उघडला नाही.

होळी झाली आणि मशीन आलं. जागा सपाट करता करता त्यांनी आतल्या रस्त्यासाठी तो चर मुरूम टाकून बुजवून टाकला. वरून तारेचं कुंपण मारलं. ताई सकाळी सकाळी माझ्या ओट्यावर हजर.

"नाली बुजवली त्यायनं. लिव एक कागद. नाली मोकळी करा म्हना, बस."

"तू पाय तर खरं," मी म्हणालो. "असा लिवतो का झोप उडीन त्यायची."

तीन पानं लिहिली. आता ती आठवली की कानशिलं तापतात. 'आपण बळीराजाच्या विश्वासाचा गळा घोटला आहे' हे त्यात होतं. 'दिलेल्या शब्दाला जागण्याची रीत आपल्या घराण्यात नसावी' हेही होतं. कंपनीला कुठलं आलं घराणं! करारातल्या सगळ्या अटी आपण पायदळी तुडवल्या आहेत, असं ठोकून दिलं. चराचा उल्लेख दुसऱ्या पानावर एका उपमेत होता. ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. ताईनं डोलावली नाही. "यात नाली कोठी हाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अगं आहे, आडून आहे.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. आपल्या पत्राची नोंद घेतली आहे, कराराच्या कोणत्या कलमाचा भंग झाला ते कृपया कळवावे.

माझं डोकं फिरलं. मले कलम विचारते? ज्यानं ते कलम भांडून घातलं त्याला? चोराच्या उलट्या बोंबा! त्याच रागात दुसरं पत्र लिहिलं, चार पानी. त्याचं उत्तरही तेच दोन ओळींचं. तिसरं पत्र अक्षय तृतीयेच्या आसपास गेलं आणि त्यात मी त्यांना शिक्षण, संस्कार आणि माणुसकी या तीन विषयांत नापास केलं. कपाट चार पावलांवर होतं. करार मी एकदाही बाहेर काढला नाही.

शेवटी ताईनंच कपाटातला करार बरोबर घ्यायला लावून मला वाशिमला नेलं, वकिलाकडे. वकीलबाई माझी जुनी विद्यार्थिनी, वर्गात निबंधाला माझ्याकडून कायम कमी गुण घेणारी. भाषा रूक्ष आहे, असा शेरा मारायचो मी. तिनं तिन्ही पत्रं शांतपणे वाचली.

"सर, पत्रं छान हायेत," ती म्हणाली. "पण यात कलम कोठी हाय?"

मग तिनं करार उघडला आणि माझ्यापुढे कलम सतरा ठेवलं. कोणा पक्षाकडून कराराचा भंग झाला तर दुसऱ्यानं लेखी नोटीस द्यायची, तीत भंग झालेलं कलम आणि भंगाचं स्वरूप नमूद करायचं. अशी नोटीस पोचल्यापासून तीस दिवसांत समोरच्यानं दुरुस्ती करायची. तीस दिवसांत नाही केली, तर जमीनमालकानं आत जाऊन ती स्वतः करून घ्यावी, कंपनीच्या खर्चानं. खाली माझी सही. पानोपानी माझी सही.

"म्हणजे पहिलं पत्र..."

"पयल्या पत्रात कलम नऊ लिवलं असतं, तर तीस दिवस कव्हाच भरले असते, सर. तुमी सोताच मशीन लावून चर मोकळा केला असता. आता ही तीन पत्रं नोटीस म्हणून धरता येत नाई. घड्याळ सुरूच झालं नाई."

ताई माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत होती. मृग तोंडावर आला होता.

मी चिडून म्हणालो, "अगं पण त्यायले दिसत नाई का? सारं गाव पाहून राह्यलं!"

"सर, तुमचं पत्र ज्याच्या टेबलावर जाते, त्यानं तुमचं रान पायलं नाई. त्याच्यापाशी असे करार ढीगभर. तुमी म्हनता विश्वासघात केला. थो कोनाले पाठवन विश्वासघात? कलम नऊ म्हटलं का त्याले पान सापडते, नकाशा सापडते, जागेवरच्या मानसाले विचारता येते, चर हाय का नाई. हो का नाई, एवढंच. अन् सारंच तुडवलं म्हटलं का काहीच तुडवलं नाई म्हनायले थो मोकळा."

वर्गात मी तिच्याशी असं सोपं करून कधी बोललो नव्हतो, हे तेव्हा जाणवलं.

तिनं तिथंच नोटीस केली. तारीख, कराराचा नोंदणी क्रमांक, आणि मग तीन ओळी. कलम ९ प्रमाणे पूर्व बांधालगतचा चर मोकळा ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहे. तो अमुक ठिकाणी मुरमाने बुजवला आहे, फोटो जोडले आहेत. कलम १७ प्रमाणे तीस दिवसांत मोकळा करावा. एक विशेषण नाही. रजिस्टर पोस्टानं गेली, चौथ्या दिवशी पोचल्याची पावती आली. जोडीला पाण्याच्या वाटेचा अर्ज तहसीललाही टाकला. त्याची तारीख पडली श्रावणातली.

मग मोजणं सुरू झालं.

ताईनं थांबावं असं मी म्हणालो. "थांबू कशी?" ती म्हणाली. "पेरनी कोनासाठी थांबते का?" सोयाबीन पेरलं. उगवलंही झकास, ओळीच्या ओळी हिरव्या. नोटिशीच्या अकराव्या की बाराव्या दिवशी दोन दिवस धो धो झाला आणि पाणी बांधाशी येऊन तुंबलं. तिसऱ्या दिवशी निम्म्या रानात घोट्याएवढं पाणी. इंजिन लावून रस्त्याच्या अंगाला उपसलं, रात्रीतून पुन्हा भरलं.

आम्ही दोघं कुंपणापाशी उभे होतो. ताईच्या हातात फावडं. तारेच्या पलीकडे आठ-दहा पावलांवर तो मुरमाचा ढीग, दिसत होता साफ. दोन माणसं दुपारपर्यंत उकरतील एवढंच काम. चौकीदार आमच्याच ओळखीचा, बाजूच्या गावचा. तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, आत येता नाई येत. माही नौकरी जाईन."

माझं रान, माझा चर, आणि मला जाता येईना. मी वकीलबाईला फोन लावला. "मी तार तोडतो," म्हणालो.

"तोडू नोका सर. कलम बारा हाय, नोटिशीच्या मुदतीत कुंपनाच्या आत जाच नाई. तुमी तार तोडली का भंग तुमचा होईन. अन् त्यायची नोटीस कलमासकट येईन."

फोन ठेवला. ताईनं विचारलं, "किती दिवस राह्यले?"

"पंधरा."

तिनं फावडं चिखलात रोवलं आणि तसंच सोडून घरी गेली. मी तिथंच उभा राहिलो. रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. रोज सकाळी मी जाऊन बघायचो. रोपं आधी पिवळी पडली, मग खालची पानं गळली. एक उपटून पाहिलं तर मूळ काळं, बोटाला चिकटणारं. मी रोज कंपनीला फोन करायचो. पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगायची की तुमची नोटीस मिळाली आहे, काम ठेकेदाराला दिलं आहे, मुदतीत होईल. शिवी द्यावी असं काहीच ती बोलत नव्हती.

सव्विसाव्या दिवशी मशीन आलं. मुरूम काढला, रस्त्याखाली सिमेंटचे पाइप टाकले, नीट उतार दिला. काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू. दोन तासांत पाणी नाल्याला लागलं. मागे उरला तो चिकट, आंबूस वासाचा चिखल आणि त्यात आडवं झालेलं सोयाबीन. बांधाकडचं अर्धं रान गेलं होतं.

आठवड्यानं कंपनीचं पत्र आलं. कलम ९ बाबतची दुरुस्ती कलम १७ मधल्या मुदतीत पूर्ण केली आहे, फोटो सोबत जोडले आहेत. आणि शेवटी, नेमकं कलम कळवल्याबद्दल आभार. म्हणजे त्यांनी करार पाळला होता. आता त्यांच्यावर बोट ठेवायला कागदावर जागाच नव्हती.

ताई संध्याकाळी ओट्यावर आली, हातपाय चिखलाचे. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात तूर टाकून पाहते म्हणाली, आली तर आली. पत्राचं तिला कळलं होतं. "वाचून दाखव," म्हणाली. मी वाचलं. मग तिनं आपली नोटीसही मागितली, वकीलबाईनं पाठवलेली. तीही वाचली. ती वाचून व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."



"मंग हे तं म्या तुले पयल्याच दिवशी सांगतलं होतं न भाऊ. नाली मोकळी करा म्हना, बस."

तिनं पदरानं हात पुसले आणि तुरीचं बियाणं आहे का म्हणून विचारलं.