एका बाईटची जागा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आमच्या टीममधल्या एका बाईंची नोकरी माझ्या एका ओळीमुळे गेली. त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी ते मला कळलं, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो.

खराडीच्या ऑफिसात आम्ही एका छोट्या डब्याचं सॉफ्टवेअर सी भाषेत लिहायचो. डबा कारखान्याच्या भिंतीवर बसतो, यंत्रांकडून संदेश गोळा करतो आणि पुढे पाठवतो. संदेश कधी पाच अक्षरांचा, कधी पन्नास; एका अक्षराला एक बाईट. म्हणून तो ज्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या साच्यात, ठेवायचा, त्यात आधी चार बाईटमध्ये लांबी आणि शेवटी अक्षरांचा ॲरे, म्हणजे ओळीने मांडलेली घरं. माझ्या आधीच्या कुणीतरी तो ॲरे एकाच घराचा म्हणून लिहिला होता, आणि मेमरी मागताना स्ट्रक्चरचा आकार अधिक संदेशाची लांबी इतकी मागितली होती. जुनी युक्ती. नव्या कंपायलरला ती रुचेना, वॉर्निंग यायला लागल्या. मी ॲरेच्या कंसातला एक हा आकडा पुसला आणि कंस रिकामा ठेवला. याला फ्लेक्सिबल ॲरे मेंबर म्हणतात. भाषेला मान्य असलेली, रीतसर पद्धत.

पण रिकाम्या कंसाचा ॲरे स्ट्रक्चरच्या आकारात धरला जात नाही. आधी आकार आठ बाईट भरायचा: लांबीचे चार, ते एक घर, आणि चाराच्या पटीत बसावं म्हणून कंपायलरने घातलेले तीन. आता उरले नुसते चार. संदेशाच्या शेवटी, मजकूर इथे संपला हे कळायला, एक शून्य लिहावं लागतं. जुन्या मापात त्या शून्याला आयती जागा मिळत होती. नव्यात ती मी मागायला हवी होती: आकार, अधिक लांबी, अधिक एक. मी मागितली नाही. मेमरी मागणाऱ्या ओळीला मी हातच लावला नाही, आणि रिव्ह्यूत, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, दिसतात त्या फक्त बदललेल्या ओळी.

ऑफिसात काही बिघडलं नाही. मेमरी देणारं मॅलॉक हे फंक्शन मागितल्यापेक्षा थोडी जास्त जागा देतं. आमच्या डब्यावर ती चोवीस, चाळीस, छप्पन अशा मापांत मिळायची. दहा अक्षरांच्या संदेशाचं जादा शून्य त्या शिल्लक जागेत मुरून जायचं. संदेश नेमका वीस अक्षरांचा आला, तर मात्र चार आणि वीस चोवीस, शिल्लक काही नाही. मग ते शून्य शेजारच्या ब्लॉकवर, म्हणजे दुसऱ्या कुणी मागितलेल्या मेमरीच्या तुकड्यावर, पडायचं, तेही जिथे त्या ब्लॉकचा आकार नोंदलेला असतो तिथे. आमचे चाचणीचे संदेश आखूड होते. चाकणच्या ग्राहकाकडे यंत्रांची नावं लांबलचक, त्यामुळे नेमके वीस अक्षरांचे संदेशही यायचे. तिथला डबा दिवसातून दोन-तीनदा बंद पडायला लागला.

शेजारचा तो ब्लॉक बहुतेक वेळा त्या बाईंचा असायचा. संदेशांची रांग, म्हणजे क्यू, त्यांनी लिहिला होता. वयाने माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, विश्रांतवाडीला आईवडिलांबरोबर राहायच्या. दोन वर्षं कंत्राटावर होत्या आणि पर्मनंट करायचं की नाही हे त्याच महिन्यात ठरणार होतं. त्यांचा क्यू स्वतःचा ब्लॉक परत करायला गेला की मेमरी सांभाळणाऱ्या लायब्ररीला तिथला आकार चुकीचा दिसायचा आणि ती प्रोग्राम थांबवायची. रिपोर्टवर नाव त्यांच्या फंक्शनचं. आमच्याकडे रीतच होती: ज्याच्या फंक्शनमध्ये प्रोग्राम पडला, बग त्याचा. लवकर कामाला लागता यावं म्हणून कुणीतरी केव्हातरी पाडलेली रीत. पुढे ती निकालासारखी वापरली जाऊ लागली.

मॅनेजर सदाशिव पेठेतले. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्याची त्यांना गरज पडत नसे. सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो बाई, तुमच्या रांगेपेक्षा मंडईतली गर्दी बरी. तिथे निदान माणूस पिशवी घेऊन बाहेर तरी येतो."

काही जण हसले. मीही हसलो.

बाईंनी क्यूची ओळन् ओळ तपासली, दोनदा. मग माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, माझ्याकडे काही सापडत नाही. दुसरं कुणीतरी माझ्या ब्लॉकवर लिहितंय असं वाटतं. तुमचा संदेश वाचायचा भाग एकदा मेमरी तपासायच्या टूलखाली चालवून बघू या का? डब्यावर जमणार नाही, पण पीसीवर चालेल."

मी म्हणालो, "मॅडम, तो भाग वर्षानुवर्षं चालतोय. तुमचंच पुन्हा बघा."

तो भाग जुना होता हे खरं, पण महिन्यापूर्वी त्यात मी हात घातला होता, आणि बोलता बोलता मला ते आठवलंही. त्या बदलाचं मी जेवणाच्या टेबलावर कौतुक करून घेतलं होतं. कंस रिकामा केल्याने काय बिघडणार, असं मनाशी म्हणून मी तो विचार बाजूला सारला. त्या "ठीक आहे सर" म्हणाल्या आणि जाग्यावर गेल्या. मी सीनियर होतो. टूल त्यांना स्वतःलाही चालवता आलं असतं, पण माझ्या नकारानंतर माझ्याच कोडवर ते चालवणं म्हणजे माझ्यावर संशय घेणं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली, त्या नसताना. कुणीतरी म्हणालं, "यांचं बेसिकच कच्चं असतं." 'यांचं' म्हणजे कुणाचं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. विश्रांतवाडी, आडनाव, त्यांच्या टेबलावरचा बाबासाहेबांचा छोटा फोटो. मी समोरचा चहा पीत राहिलो. कंत्राट वाढवलं नाही.

त्यांचा क्यू दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी ते टूल चालवलं. दुसऱ्याच मिनिटाला उत्तर समोर: चोवीस बाईटच्या ब्लॉकनंतर लगेच एक बाईट लिहिला गेला आहे, आणि खाली नाव माझ्या फंक्शनचं. मी 'अधिक एक' लिहिलं आणि वर नोंद टाकली, 'किरकोळ साफसफाई'. क्यूला हात लावला नाही. लावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. चाकणचा डबा त्यानंतर एकदाही पडला नाही. मॅनेजर म्हणाले, "बघा, अनुभव म्हणतात तो हा." मी मान हलवली.

गेल्या वर्षी त्या मला मंडईत भेटल्या, आईबरोबर वांगी निवडत होत्या. आता एका कॉलेजात तासावर शिकवतात. कोड लिहिणं सोडलं म्हणाल्या. "मेमरी मागायची वेळ आली की हात थांबायचा, सर. वाटायचं, मला दिसत नाही असं काहीतरी असणारच." मग विचारलं, "तेव्हा माझं नेमकं काय चुकलं होतं? कळलं का कधी?"

मी म्हणालो, "नाही हो. नंतर ते आपोआपच थांबलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपोआप काही थांबत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. आईने हाक मारली, तशा त्या गेल्या.

तुमचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती आणि ती कोणत्या ओळीत होती, हे त्यांना समोर बसून सांगण्याचं देणं मी लागतो. हेच त्या मीटिंगमधल्या सगळ्यांना माझ्या नावाने लेखी कळवण्याचंही. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.