सिस्टरबाईंचा पंखा

निवृत्त नर्स असलेल्या सिस्टरबाई धाकट्या भावाच्याच वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत. वीज मात्र खाली भावाच्या मीटरवरून येई, आणि दुपारचे बारा वाजले की तो वरचा खटका पाडी. दिवसा पंखा म्हणजे चैन, हे त्याचं शास्त्र; स्वतःचाही तो बंदच ठेवी. जन्मभर लोकांना सुया टोचत आलेल्या बाई घाम पुसत थोड्याच बसणार? त्यांनी वीज कार्यालय गाठलं.

"ओळखपत्र, नोंदवलेला भाडेकरार, मालकाचं ना-हरकत पत्र आणि परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग तपासल्याचा अहवाल," खिडकीतली बाई म्हणाली. "अर्जाला हे जोडा. मग आमचा माणूस जागा पाहील, तुम्ही शुल्क भरा, की मीटर बसेल."

भाऊ फुगला. "ताई, भावाबहिणीत कसला करार? माझी हरकत आहे."

"भाडं घेताना मालक, कागद मागितला की भाऊ. बरं जमतं तुला. दोन घरांची युनिटं एका मीटरवर चढली की दर वरच्या टप्प्याचा लागतो, बिल वाचतोस ना?"

भावाला माया कमी, पण हिशेब चटकन कळे. त्याने करारही नोंदवला आणि पत्रही दिलं. ठेकेदाराने वरचं वायरिंग वेगळं करून अहवाल दिला, पाहणी झाली, शुल्क भरलं, मीटर बसला.

दुसऱ्या दिवशी बाराला भावाने सवयीने जुना खटका पाडला आणि जिन्यात येऊन कान लावला. वर पंखा घरघरत होता.

"ताई, वर येऊ का जरा? खाली फार उकडतंय."

"ये की. आधी माझ्याकडून ना-हरकत पत्र तेवढं घे."