नाणं मागे का राहतं

तेलीबांध्याकडच्या रस्त्यावर उघडलेल्या एका शाळेत अकरावीला भौतिकशास्त्र शिकवायला कुणीतरी हवं होतं. आमचं हिंदी बोलणारं शहर नव्या राज्याची नवी राजधानी झालं होतं, आणि त्या रस्त्यावर शाळाही भराभर उघडत होत्या. मुलाखत झाली होती. आता एक तास शिकवून दाखवायचा होता.

माझी अडचण तिथेच होती. आधीच्या दोन शाळांत मी फळ्याकडे तोंड करून, लहान आवाजात शिकवलं होतं आणि दोन्हीकडून ‘कळवतो’ एवढंच ऐकून परतले होते. या वेळीही नाही जमलं तर नागपूरला मावशीकडे राहून बँकेच्या परीक्षांचा क्लास लावायचा, असं घरात ठरलं होतं. ठरवताना मीही मान डोलावली होती. मला बँकेत जायचं नव्हतं, पण हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की माझ्याऐवजी एखादी वस्तूच बोलू दे. कॉलेजात एका सरांनी दाखवलेला प्रयोग मला आठवत होता. मीटरभर लांब लाकडी पट्टी, एका टोकाला बिजागरीने खालच्या फळीला जोडलेली. मोकळं टोक वीतभर उचलायचं, त्यावर नाणं ठेवायचं आणि पट्टी सोडून द्यायची. पट्टी आधी खाली पोचते आणि नाणं तिच्या मागून येतं. ठक्, आणि लगेच टिण्. पडणाऱ्या वस्तूपेक्षा लवकर पडणारी वस्तू. तेव्हा सगळा वर्ग हसला होता, आणि मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते.

बाबा उरल्याच्या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये, लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात, मेंटेनन्सला होते. मी त्यांना कागदावर चित्र काढून दिलं. दोन दिवसांनी ते पट्टी घेऊन आले. लाकूड घासून गुळगुळीत केलेलं, बिजागरीला तेल दिलेलं, आणि मोकळ्या टोकाला चकचकीत लोखंडी टोपी, चांगली किलोभर वजनाची, दोन स्क्रूंनी बसवलेली.

“टोपी कशाला?” मी विचारलं.

“नुसतं लाकूड काय पडते? हलकं असते ते. वजन टाकलं, आता कसं जोरानं येते पाहाय.”

मी टोपीवर रुपयाचं नाणं ठेवलं, टोक उचललं, सोडलं. दणका असा बसला की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. नाणं टोपीवरच होतं, चिकटवल्यासारखं. दणक्यानंतर तेवढं उडून बाजूला पडलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

“हे काय करून राहिली दोघं?” आई म्हणाली. “खालच्या घरवाल्या दीदी वर येतीन आता.”

बाबा खाली वाकून बिजागरी पाहू लागले. “अडकते कुठं तरी. उद्या अजून वजन वाढवून आणतो.”

 मला आधी वाटलं, आपल्यालाच चुकीचं आठवतंय. मग मी मनातल्या मनात गणित केलं. पट्टी एकटी असताना बिजागरीभोवती तिला फिरवणारा जोर किती, आणि तिला फिरवायला लागणारं जडत्व किती. नुसत्या पट्टीच्या टोकाचा वेग सुरुवातीला मुक्त पडणाऱ्या वस्तूच्या जवळजवळ दीडपट दराने वाढतो. टोकाला टोपी बसवली की दीडपट हळूहळू एकपटीकडे सरकते. टोपी जितकी जड, तितका प्रयोग मेलेला. अजून वजन वाढवलं असतं तर काहीच उरलं नसतं.

हे बाबांना सांगायचं होतं, आणि तेही टॉर्क वगैरे शब्द न वापरता. बाबांशी मी एरवी दोन-चार शब्दांतच बोलायचे.

“बाबा, टोपी काढावी लागेल.”

“काहून? मेहनतीनं बसवली मी ते.”

“शाळेतली परेड आठवा,” मी म्हणाले. “पंधरा ऑगस्टची. रांग वळते तेव्हा आतला पोरगा जागीच पाय आपटतो आणि बाहेरच्याला पळावं लागतं. रांग सरळ ठेवायची असते ना? पट्टी तशीच आहे. बिजागरीजवळच्या लाकडालाही मोकळं पडायचं असतं, पण त्याला थोडंसंच उतरायला मिळतं. त्याचं वजन मग पट्टीच्या कडकपणातून बाहेरच्या टोकाला खाली ओढतं. म्हणून टोक एकटं पडलं असतं त्यापेक्षा लवकर पडतं. नाण्याला असं ओढणारं कुणी नाही. ते आपल्या चालीनं येतं.”

“अन् टोपी?”

“टोपी म्हणजे बाहेरच्या टोकाला उभा केलेला पैलवान. आतल्या पोरांनी कितीही ओढलं तरी तो आपल्याच चालीनं येणार. म्हणजे नाण्याच्याच चालीनं.”

आई दारात उभी होती. “पोट्टी इतकं बोलते मले माहीतच नाही,” ती म्हणाली.

बाबांनी पट्टी हातात घेऊन टोपीचं वजन तोलून पाहिलं. मग म्हणाले, “मंग दणका कमी होईन.”

“हो. दणका कमी, पण लवकर.”

“हे काही पटत नाही मले,” असं म्हणत त्यांनी स्क्रू काढायला पेचकस आणला. टोपी निघाली, नाणं ठेवलं, पट्टी सोडली. पट्टी खाली टेकली तेव्हा नाणं तिच्यावर चार बोटं उंच हवेत होतं, मग टिण् करून पडलं. बाबांनी स्वतः कितीतरी वेळा पट्टी सोडून पाहिली. 

शाळेत मागच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि तिथले ज्येष्ठ भौतिकशास्त्राचे सर बसले होते. मी प्रयोग दाखवला, मुलं पुढे झुकली. तेवढ्यात सर हाताची घडी न सोडता म्हणाले, “मॅडम, हाथ का झटका है. या फिर हवा से उठ गया.”

 माझा हात आपोआप खडूकडे गेला. फळ्याकडे वळले असते तर पुढचं सगळं समीकरणांत गेलं असतं आणि मी पुन्हा ‘कळवतो’ ऐकून घरी आले असते.

मी खडू घेतला नाही. मुलांकडून नाणी मागितली. बिजागरीपासून टोकापर्यंत सगळ्या पट्टीवर ती ओळीने मांडली आणि मग म्हणाले, “सर, आप छोड़िए.”

ते उठतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले, चष्मा सावरला, टोक उचललं आणि बोटं अलगद काढून घेतली. बिजागरीकडची नाणी पट्टीबरोबर मुकाट खाली आली. टोकाकडची वर राहिली, बाहेरचं सर्वात जास्त. हवेने किंवा झटक्याने उचललं असतं तर बिजागरीपासून असं शिस्तीत वाढत कसं गेलं असतं, असं मी विचारलं. सर म्हणाले, “फिर से.”

“मॅम, नेमकं कुठून सुटायला लागतं?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“तुम्हीच शोधा.”

मुलं टेबलाभोवती जमली. एक नाणं पुढे सरकवायचं, सोडायचं, मागे सरकवायचं, सोडायचं. बिजागरीपासून पट्टीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास त्यांचं एकमत होईना. अर्धे म्हणत सुटलं, अर्धे म्हणत नाही. मी सांगितलं की त्या जागी पट्टी बरोबर नाण्याइतक्याच वेगाने पडते, त्यामुळे तिथे डोळ्यांना काही ठरवता येणार नाही. एका मुलाला ते पटलं नाही. तो गुडघ्यावर बसून पट्टीच्या पातळीला डोळा लावून पाहू लागला, आणि त्याच्या शेजारी, साडी सावरत, मुख्याध्यापिकाही वाकल्या.

तास संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही.

“दो उंगली और अंदर लो,” मुख्याध्यापिका त्या मुलाला म्हणाल्या. मग नाण्यावरची नजर न काढता मला विचारलं, “जॉइन कब से कर सकती हो?”

“सोमवार से,” मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच लहान होता, पण त्यांनी तो ऐकला.