राखेच्या पिचचा भाव

आमच्या घरात टीव्ही पुसायचं काम माझं. परळीत राहणाऱ्याला हे सांगावं लागत न्हाई. सकाळी पुसला तर संध्याकाळी बोटानं नाव लिहावं इतकी वीजकेंद्राची राख बसते. भांड्यांच्या दुकानामागची खोली, खोलीला रस्त्याकडं खिडकी आणि खिडकीसमोर टीव्ही. ही जागा आमच्या मालकांनी स्वतः निवडलेली, का तर वारा येतो म्हणे. वारा येतो, खरं हाय. सोबत काय काय येतं ते मी तीस वर्षं फडक्यानं टिपत आलेय.

या खोलीत टेस्ट मॅच असली की तिघं बसतात. आमचे मालक, शेजारचे आडत्या भाऊजी आणि औष्णिक केंद्रातनं रिटायर झालेले फिटर भाऊजी. बसतात म्हणजे नुसतं बघत न्हाईत. मालक सेशनचा भाव काढतात. जेवणापासून चहापर्यंत टीमच्या किती धावा होतील, त्याचा आकडा. सत्तर-बहात्तर असा जोडीनं बोलायचा. ज्याला वाटतं जास्त होतील त्यानं बहात्तरला 'येस' घ्यायचं, ज्याला वाटतं कमी होतील त्यानं सत्तरला 'नो'. बहात्तर झाल्या की येसवाला जिंकला, सत्तरच्या आत राहिल्या की नोवाला. मधेच सत्तर-एकाहत्तरवर अडकलं की दोघंही गेले आणि भाव काढणारा मिशीत हसला.

बाजारात हेच पैशावर चालतं आणि मग पोलिसांची जीप येते. आमच्या सासऱ्यांनी म्हणून सक्त ताकीद दिलेली, 'या घरात पैसा लागला तर टीव्ही गच्चीवरनं खाली जाईल, मागनं तुमी.' तवापासून हरणाऱ्यानं भजी तळायची. मालकांना भजी तळायची वेळ क्वचितच आली. माणूस दुकानात गिऱ्हाइकाला दोनदा पातेल्याची किंमत चुकीची सांगेल, पण सेशनच्या भावात न्हाई चुकायचा. गावात मान होता त्याचा. त्या मानाचीच मस्ती चढली मग.

झालं असं की मी एकदा चहा घेऊन गेले आणि सहज म्हणलं, 'शंभराच्या वर जातील बघा आज, दोघंही जमलेत.' तर आमचे मालक सगळ्यांसमोर म्हणाले, 'तू भाकरीचा भाव सांग. सेशनचं आमच्यावर सोड.' आडत्या भाऊजी फिदीफिदी हसले. त्या सेशनला एकशे दहा झाल्या हो! पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं न्हाई. माझ्या राहिलं.

मी त्याच दिवशी फडकं खुंटीला टांगलं. म्हणलं, 'माझा भाव भाकरीचाच ना? मग टीव्ही तुमीच पुसा.' मालक म्हणाले, 'पुसू की. त्यात काय?' आणि कुणीही पुसला न्हाई. पुरुषाला पिचवरची भेग दिसते, काचेवरची राख दिसत न्हाई. पंधरा दिवस गेले. मग पुढची टेस्ट लागली, ती बी त्यांनी तशीच बघितली.

तर चौथा दिवस. आपली टीम दुसऱ्यांदा खेळत होती, आघाडी चांगली होती आणि चहानंतर डाव सोडायचा असणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जेवणाची सुट्टी झाली. सासरे दिवसभर शेजारच्याच खोलीत पडून असतात म्हणून आवाज बंद. सकाळभर कॉमेंटरीवाला काय बोलला ते या तिघांना ठाऊक न्हाई. मला ठाऊक होतं, कारण मी स्वैपाकघरात पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून बघत होते, कानात वायर घालून. टेस्ट मॅच म्हणजे माझा जीव हाय, हे मला लपवायचं न्हाई. मला एकदा, फक्त एकदाच, मैदानात बसून टेस्ट बघायची होती. पाच दिवस न्हाई, एक दिवस. दर वर्षी मी म्हणायचे आणि दर वर्षी मालक म्हणायचे, 'घरी काय वाईट दिसतं?'

मालक उठून टीव्हीजवळ गेले. चष्मा वर केला, नाक काचेला लावलं. मग वळून वैद्यासारखं तोंड केलं.

'पिच संपलं,' म्हणाले. 'पांढरं पडलंय. नुसती धूळ. सगळीकडनं भुगा झालाय.'

'अरारा,' फिटर भाऊजी म्हणाले.

मग हिशोब सुरू झाला, आणि हिशोबात मालकांची चूक काढायला जागा न्हाई, हे मी आजही म्हणते. 'दोन्हीकडनं स्पिनर येणार. म्हणजे ओव्हरी पटापट पडणार, बत्तीस धरा. असल्या धुळीत ओव्हरला अडीचच्या वर मिळत न्हाई. ऐंशी झाल्या. दोन विकेटी जाणार. नवा माणूस आला की आधी ठोकळा होऊन उभा राहतो, त्याच्या पाच-पाच कापा. सत्तर. आणि तो डावखुरा स्पिनर ओव्हर द विकेट येऊन लेगला रफमध्ये, बुटांनी उकरलेल्या जागेत, टाकत बसणार. हे नुसते पॅड लावणार. सकाळीच बघा ना, किती रडत खेळले. सत्तर-बहात्तर!'

मी दारात उभी होते. माझ्या मोबाईलवर पिच चांगलं तांबूस, गुळगुळीत होतं. लेगच्या बाजूला बुटांनी उकरलेला एक तुकडा, एवढीच खोड. सकाळी धावा कमी झाल्या कारण चेंडू नवा होता आणि फास्टवाले ताजे होते. आता चेंडू मऊ झालेला, फास्टवाले कंबर धरून चाललेले आणि आपल्या माणसांना डाव सोडायची घाई. मी सरळ सांगितलं, 'अहो, आधी टीव्ही पुसा. मग भाव काढा.'

'तू पिच बघू नको गं, तव्यावर बघ. करपतंय.'

खरंच करपत होतं. त्यानं मी आणखी भडकले. 'मग बहात्तरला माझं येस!'

आडत्या भाऊजी म्हणाले, 'वहिनी, हरलात तर भजी तळावी लागतील.'

'भजी मीच तळते रोज, मेलं, त्यात हरण्यासारखं काय हाय? ऐका. मी हरले तर टीव्ही जन्मभर पुसते, एक शब्द बोलत न्हाई. जिंकले तर मला टेस्ट दाखवायची. मैदानात. आणि हे सोबत येणार.'

मालकांनी मिशीवरनं हात फिरवला. 'मंजूर,' म्हणाले. माणसाला वाटलं, फडकं फुकटात परत आलं.

मी पहिल्यांदा त्या खोलीत बसले. खुर्ची कुणी दिली न्हाई, मी कोपऱ्यातल्या ज्वारीच्या गोणीवर बसले. आणि आपले बॅट्समन असे सुटले म्हणता! चौका, दुक्की, पुन्हा चौका. अर्धं सेशन व्हायच्या आत पन्नास. 'काय बे हे,' आडत्या भाऊजी पुटपुटले, 'भुग्यावर असा कव्हर ड्राइव्ह बसतो का?' मालक म्हणाले, 'थांब. पिच रंग दाखवील.' मी मनात गाडीची तिकिटं काढली, वाटेतल्या दशम्या बांधल्या, चटणीसुद्धा वाटली.

तिथंच नजर लागली माझी मला. साठ झाल्या आणि जमलेल्यातला एक पुढं जाऊन स्टंप झाला. पाठोपाठ दुसरा. मालकांच्या दोन विकेटी, मोजून दोन! नवीन दोघं आले ते ठोकळेच. तो डावखुरा स्पिनर ओव्हर द विकेट आला आणि उकरलेल्या तुकड्यात एकावर एक टाकत बसला. पॅड. पॅड. पॅड. धावांचा आकडा असा रुसला की विचारू नका. मालक आता मांडी हलवायला लागले. मी त्यांच्याकडं बघणं सोडलं. सांगते खरं, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एवढं म्हातारपण आलं आणि एक मैदान दिसू नये माणसाला?

चहाआधीची शेवटची ओव्हर आली तवा एकोणसत्तर. तोच स्पिनर. एकदा चेंडू जरा पुढं पडला, एक धाव. दुसऱ्यानं कशीबशी एक काढली. एकाहत्तर. मग पुन्हा पॅड. शेवटचा चेंडू उरला. एकाहत्तरला मी बी गेले आणि मिशी जिंकली.

चेंडू पडला रफमध्ये. बॅट्समननं बॅट वर उचलून सोडून दिला. आणि तो चेंडू तिथनं असा उसळला, असा वळला की कीपरच्या हातमोज्यावरनं गेला सरळ मागं. कुणी पळालं न्हाई, कारण पळायची गरजच न्हाई. चार बाय! ज्या रफनं धावा अडवल्या, त्याच रफनं मला चार दिल्या. पंच्याहत्तर!

मी अशी ओरडले की पलीकडनं सासऱ्यांचा आवाज आला, 'कोण मेलं?'

'बाय धरायच्या न्हाईत!' आडत्या भाऊजी उभे राहिले. 'बॅट कुठं लागली? हे पाप हाय.' फिटर भाऊजी म्हणाले, 'परत विचार करावा.' दोघं माझ्या बाजूचे न्हवतेच कधी.

मालकांनी मात्र दोघांना खाली बसवलं. त्यांनी बी 'न्हाई धरायच्या' म्हणलं असतं तर कुणी त्यांना खोटं ठरवलं नसतं. पण म्हणाले, 'सेशन टीमच्या धावांचं असतं. बॅटच्या न्हाई. बाय धरतात, लेगबाय धरतात, वाइड धरतात. हा भाव मी काढला, नियम बी माझाच. ती जिंकली.' मला त्या माणसाचा राग येतो, लई येतो, पण त्या क्षणी अभिमान बी तेवढाच वाटला.

मग मी उठले, पदर खोचला, खुंटीवरचं फडकं ओलं केलं आणि एक हात फिरवला. भुगा झालेलं पिच फडक्यात आलं. काचेवर तांबूस, गुळगुळीत पिच, लेगला तेवढा एक तुकडा. तिघं बघत राहिले. फिटर भाऊजींनी फडक्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, 'ही राख आमच्या चिमणीची.' आडत्या भाऊजी हसता हसता गोणीवर आडवे झाले. मालक हसले न्हाईत. कढईकडं गेले आणि भजी तळायला घेतली, कुणी न सांगता. करपवली सगळी.

पुढच्या हंगामात आम्ही गेलो. रात्रभर गाडी, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. मैदान बघितलं आणि मी पायरीवरच बसले. एवढं हिरवं आणि एवढं मोठं असतं, हे टीव्ही कुणाला सांगत न्हाई. पिच मात्र लांब, बोटाएवढं. उन्हानं आणि प्रवासाच्या धुळीनं माझ्या चष्म्याची काच धुरकट झालेली. मी डोळे बारीक करून बघत होते.

जेवणाची सुट्टी संपत आली. मालकांनी माझ्या नाकावरनं चष्मा काढला, उपरण्याचं टोक घेतलं आणि दोन्ही काचा पुसल्या. उजेडाकडं धरून बघितल्या, पुन्हा पुसल्या. मग चष्मा माझ्या डोळ्यांवर नीट बसवला.

'हां,' म्हणाले, 'सांग आता. भाव काय काढतेस?'