तिसऱ्या बटणापर्यंत

आमच्या हेल्पलाइनचं स्वागत मी लिहिलं होतं आणि माझ्याच आवाजात रेकॉर्डही केलं होतं. उरणच्या बंदराकडे कंटेनर घेऊन येणाऱ्या ट्रेलर ड्रायव्हरांसाठी ती लाइन होती. गेटवर अडकलं, कागद चुकला, अपघात झाला, काय करायचं ते विचारायला एक नंबर. आमची संस्था छोटी. रस्त्याला लागून एक गाळा, आत तीन टेबलं.

माझ्या वडिलांनी जन्मभर पत्रकं काढली. जमिनीची, पाण्याची, नोकऱ्यांची. शाईचा वास आणि "बंधू-भगिनींनो" यांतच मी वाढले. त्यामुळे स्वागत लिहायला सांगितल्यावर मी पत्रकच लिहिलं. संस्थेचं पूर्ण नाव, मग ड्रायव्हर हा या बंदराचा कणा आहे, त्याचा हक्क ही भीक नव्हे, आणि त्यानंतर भाषा. मराठीसाठी एक, हिंदीसाठी दोन, तेलुगूसाठी तीन. सगळं मराठीतून. आपल्या मातीत आपली भाषा पहिली, यावर मी बैठकीत टेबल आपटलं होतं. अध्यक्ष खूश झाले. ते निवृत्त मुख्याध्यापक, चौलकडच्या नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांपैकी. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांनी फक्त "आपले सहर्ष स्वागत" एवढं वाढवलं.

मराठी आणि हिंदी फोन काका घ्यायचे. काका उरणचेच, आयुष्यभर ट्रेलर चालवून पाठीच्या दुखण्यामुळे गाडीवरून उतरलेले. रेकॉर्डिंग ऐकून ते म्हणाले होते, "पोरी, तुजा भाषान संपंपरत मानूस पनवेलला पोचंल गो."

मी हसले नाही. भाषण कसलं, भूमिका आहे ती, असं त्यांना सुनावलं.

तिसऱ्या टेबलावर अक्का बसायची. आंध्रातून लग्न होऊन आलेली, नवरा ट्रेलरवरच. बाजारात ऐकून ऐकून शिकलेलं मराठी ती बिनधास्त बोलायची. गोदामातलं पॅकिंगचं काम सोडून ती आमच्याकडे आली होती, कारण मीच तिला म्हटलं होतं, "तुमच्या भाषेतून तुमच्या माणसांना मदत होईल." आल्यापासून ती रोज दुपारी वेळेवर यायची, हेडफोन लावायची, आणि बसून राहायची. तीन नंबरवर एकही फोन आला नव्हता.

"काका, तुमचे दोन फोन मला द्या ना," ती म्हणायची. "कान गंजला माझा."

महिन्याच्या बैठकीत सरांनी हेल्पलाइनची यंत्रणा चालवणाऱ्या फोन कंपनीचा अहवाल पुढे ठेवला. तेलुगूपुढे शून्य.

"मागणीच नाही म्हटल्यावर लाइन चालू ठेवण्यात काय अर्थ? या महिनाअखेर बंद करू. बाईंना तसं सांगा."

"सांगा म्हणजे मी?"

"तुम्हीच आणलंत ना त्यांना?"

मला इतका संताप आला की मी उभी राहिले. गरज आहे हे मला माहीत होतं. पार्किंगमध्ये आंध्र-तेलंगणाच्या पाट्यांच्या गाड्या डोळ्यांना दिसत होत्या. पण शून्यापुढे काय बोलणार? मी घोषणा दिल्यासारखं काहीतरी बोलले आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाकडून मी फोनची पूर्ण यादी मागवली. कुठला नंबर, किती सेकंद, कोणतं बटण. अहवालात फक्त बटण दाबलेले फोन मोजले होते. यादीत बाकीचेही होते, आणि ते निम्म्याहून जास्त होते. वीस सेकंद, पंचवीस सेकंद, बटणाचा रकाना रिकामा. तेलुगूचं नाव येत होतं चाळिसाव्या सेकंदाला. एका नंबरवरून तर एकाच दुपारी सहा फोन होते. त्यातल्या दोन फोनांत माणूस शेवटपर्यंत थांबला होता, तरी बटण रिकामंच.

मी अक्काला तो नंबर लावायला सांगितला. ती बोलू लागली आणि तिकडून धरण फुटल्यासारखा आवाज आला. ती हसली, मग तिने कागदावर काहीतरी लिहून घेतलं. कंटेनरच्या सीलचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळत नव्हता. तीन दिवस तो गेटबाहेर होता आणि सगळे त्याला फक्त "पेपर, पेपर" म्हणत होते. काकांनी सांगितलं, एजंटकडून दुरुस्तीचं पत्र आणावं लागतं. अक्काने ते त्याला समजावलं. काम दहा मिनिटांचं होतं.

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"तो काय म्हणला सांगू? रागावू नको."

"सांगा."

"म्हणतो, हा नंबर लावला की एक मुलगी रागावते. लई रागावते. तो मधेच तीन वेळा बटण दाबून बघतो, तर रागावतच राहते. आणि मग फोन कट."

काका खिडकीकडे तोंड करून हसत होते. माझ्या भूमिकेतला एकही शब्द त्याला कळला नव्हता. पोचला होता तो फक्त सूर.

मी कंपनीला फोन केला. मधे दाबलेलं बटण का घेतलं नाही?

"मॅडम, तुमच्या सेटिंगला पूर्ण मेसेज कंपल्सरी आहे. तुमच्याकडूनच तसं आलं होतं."

आलं होतं. कुणी मधेच तोडू नये म्हणून कंपनीच्या फॉर्मवर मीच तशी खूण केली होती.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी नवं स्वागत केलं. "नमस्कार, ड्रायव्हर हेल्पलाइन." एवढंच. लगेच काकांचा आवाज, "मराठीसाठी एक दाबा." मग काकांचंच, "हिंदी के लिए दो दबाइए." मग अक्का, "तेलुगु कोसम मूडु नोक्कंडी." दहा सेकंदांत सगळं. बटण केव्हाही दाबलं तरी चालेल. काहीच दाबलं नाही तर एकदा पुन्हा ऐकू येईल, आणि तरीही नाही, तर फोन तुटणार नाही, काकांकडे वाजेल. मराठी पहिलीच राहिली, पण तीन शब्दांची.

सरांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, दारात आलेल्याला या-बसा तरी म्हणाल की नाही? संस्थेचं नाव कुठाय?"

"सर, तो दारातूनच परत जातोय."

"तुम्हीच लिहिलं होतंत ते."

"हो. चुकलं माझं."

हे म्हणायला मला जेवढं जड गेलं, तेवढं आजवर कुठल्याच मोर्चात काही गेलं नव्हतं. शेवटी तडजोड झाली. लाइन बिझी असताना थांबलेल्याला त्याच्या भाषेत संस्थेचं नाव ऐकवायचं. तिसरी लाइन मात्र महिनाअखेरपर्यंतच, आकडा बदलला तर पुढचं पाहू.

मग कंपनीने आठ दिवस खाल्ले. फाइल चालत नाही, दुसऱ्या प्रकारात पाठवा. तक्रार नोंदवा. नोंदवली, तर ती बंद केली, काम न करताच. मी रोज भांडत होते आणि अक्का रोज रिकाम्या हेडफोनपाशी बसत होती. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा नवा आवाज लागला.

पहिला फोन दुपारीच वाजला, अक्काच्या टेबलावर. दुसराही. चौथ्या दिवशी मी यादी सरांपुढे ठेवली. तीनच्या रकान्यात शून्य नव्हतं.

"ठीक आहे, राहू द्या त्यांना," ते म्हणाले. "पण दोन वाक्यं तरी घाला हो सुरुवातीला. अगदीच कोरडं वाटतं."

"नाही सर."

मी बाहेर आले तेव्हा जुनी यादी अक्काच्या हातात होती. ती पहिल्यापासून एकेक नंबर लावत होती. अनेकांचे फोन आता बंद होते, गाड्या कधीच निघून गेल्या होत्या. एक लागला. ती थोडं बोलली आणि माझ्याकडे बघत हसली.

"विचारतोय, ती मुलगी आहे का अजून?"

"काय सांगितलंत?"

"आहे म्हटलं. पण आता फोन मी उचलते."